आरशामागचे चार पूर्णांक तीन

आमच्या पुस्तकांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर एकतीस नावं आहेत. मी बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी शेवटच्या परीक्षेत एकच ठरलेला प्रश्न घातला: अंतर्गोल आरसा, नाभीय अंतर चार सेंटिमीटर, दीड सेंटिमीटर उंचीची वस्तू आरशापासून दोन सेंटिमीटरवर; किरणाकृती काढा आणि मोजून प्रतिमा कुठे, केवढी, कशी ते सांगा. ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, त्याचंच नाव यादीत. वशिला चालत नाही. माझा स्वतःचा मुलगा त्या यादीत नाही, आणि हे मी त्याला अजूनही अधूनमधून ऐकवतो.

त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, चष्म्याच्या दुकानात काम करते. काउंटरवर फ्रेमा दाखवायचं काम नव्हे. मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासून त्या फ्रेमच्या मापाच्या करायच्या आणि बसवायच्या, हे तिचं काम. कुणी विचारलं तर मी "दुकानात असते" एवढंच सांगत असे आणि विषय बदलत असे. खोटं कशाला बोलू, मला ते थोडं कमीपणाचं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तिने जाहीर केलं की तिला चष्मेतंत्राच्या पदविकेला जायचं आहे. त्यासाठी बारावीचं भौतिकशास्त्र उत्तीर्ण हवं, आणि तिने तर बारावी अर्धवट सोडलेली.

"बाबा, तुम्ही शिकवाल?" तिने विचारलं.

"मी फुकट शिकवतो, पण दयामाया करत नाही," मी म्हणालो.

"फुकट आहे ना? मग झालं तर," ती म्हणाली.

बहिर्गोल भिंग तिला शिकवायची वेळच आली नाही. पहिल्याच दिवशी तिने दुकानातली अधिक तीन नंबरची एक काच आणली, खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरली आणि पुढेमागे केली. भिंतीवर समोरची इमारत उलटी उमटली, गच्चीवरच्या टाकीसकट. तिने खिशातली स्टीलची पट्टी लावली आणि म्हणाली, "तेहतीस सेंटिमीटर. शंभराला तीनने भागलं की एवढेच येतात. नंबर बरोबर आहे." दूरच्या वस्तूची वास्तव, उलटी प्रतिमा नाभीपाशी मिळते, हे माझी मुलं घोकून घोकून पाठ करायची. हिला ते हातात येत होतं. मी मनातल्या मनात चरफडलो, कारण माझं पहिलं प्रकरणच हुकलं होतं.

आरशाचं मात्र वेगळं. तिथे मी माझी हौस भागवून घेतली. वस्तू नाभी आणि ध्रुव, म्हणजे आरशाचा मध्यबिंदू, यांच्यामध्ये असली, की परावर्तित किरण आरशासमोर कुठेच भेटत नाहीत, उलट फाकतात. मग ते आरशामागे वाढवायचे, तुटक रेषांनी, आणि जिथे त्या रेषा भेटतील तिथे प्रतिमा: आभासी, सुलट, वस्तूपेक्षा मोठी. आता हे तुटक किरण खरे नसतात. तिथे प्रकाश जातच नाही. म्हणून माझा एक नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता. खऱ्या किरणांना एचबी पेन्सिल, आभासी रेषांना फिकी उमटणारी टूएच. कागदावर असूनही नसल्यासारखी रेषा दिसली पाहिजे. सूनबाईच्या वहीत तीन ठिकाणी लाल शाईने लिहिलं होतं: "आभासी रेषा एवढ्या ठसठशीत नकोत. हलका हात!" चौथ्या वेळी मी माझ्या कंपासपेटीतली टूएच पेन्सिल काढून तिला देऊनच टाकली.

आणखीही एक लाल शेरा होता, पण तो पुढे येईल.

परीक्षा झाली. पेपर हातात घेऊन ती घरी आली तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो, कारण माझा ठरलेला प्रश्न जसाच्या तसा आला होता. पाच गुणांना! "हातचे गुण," मी बायकोला सांगितलं. मग निकाल लागला. भौतिकशास्त्रात बत्तीस. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात.

पदविकेच्या प्रवेशाला बारा दिवस उरले होते. तीन गुण कमी, म्हणजे आणखी एक वर्ष. त्यात दुकानाच्या मालकाने सांगून ठेवलं होतं की मागच्या खोलीची जबाबदारी पदविकेला प्रवेश घेणाऱ्यालाच मिळेल. ती रडली नाही. तिने फोनवरून अर्ज करून उत्तरपत्रिकेचे फोटो मागवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले आणि तिने फोन माझ्यासमोर धरला.

भिंगाच्या प्रश्नाला पाचपैकी पाच होते. वस्तू नाभीच्या पलीकडे पण दुप्पट नाभीय अंतराच्या आत, प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला, दुपटीच्याही पलीकडे, उलटी आणि मोठी. सगळे किरण काळेभोर, छापल्यासारखे. पुढचं पान सरकवलं, तर आरशाच्या प्रश्नाला भलंमोठं शून्य.

मी फोटो मोठा केला. आरसा छान होता, पाठीमागच्या तिरप्या रेघाही होत्या. डावीकडे वस्तू. एक किरण अक्षाला समांतर जाऊन, आरशावर आपटून नाभीतून परतलेला. दुसरा ध्रुवावर जाऊन तेवढ्याच कोनात खाली परतलेला. आणि आरशामागे? काहीही नाही. पांढरंफटक.

"प्रतिमा कुठाय?" मी विचारलं.

"काढली होती."

"काढली होती तर गेली कुठे? फिरायला?" माझा आवाज चढला. "एवढे दिवस घसा कोरडा केला मी! आरशाचा प्रश्न आणि प्रतिमाच नाही! आणि खाली हे काय लिहिलंय? प्रतिमा आरशामागे चार पूर्णांक तीन सेंटिमीटरवर, उंची तीन पूर्णांक दोन. चार आणि तीन, अगं! सूत्रात घाल, चार येतं. वहीतसुद्धा तू चार पूर्णांक तीनच लिहिलं होतंस, मी खोडलं होतं. शून्य दिलं ते बरोबर दिलं!"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "शाळा सुटून सहा वर्षं झाली, घंटा मात्र अजून वाजतेय." सूनबाईने आत जाऊन तिची वही आणली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. लाल शेरे. हलका हात. हलका हात. हलका हात.

"तुमची टूएच घेऊन गेले होते," ती म्हणाली. "हे लोक पेपर फोटोवरच तपासतात, आणि पान फोटोत घेतात तेव्हा कागद पांढरा दिसावा म्हणून पार्श्वभूमी उडवतात. एचबी राहिली. टूएच गेली."

कागदावर असूनही नसल्यासारखी रेषा, असं मीच म्हणालो होतो. पोरीने माझा शब्द इतका तंतोतंत पाळला, की यंत्रालासुद्धा ती रेषा सापडली नाही.

"पण चार पूर्णांक तीन," मी पुटपुटलो. हरलेल्या माणसाला काहीतरी धरायला लागतंच.

"प्रश्नात 'मोजून' असं लिहिलं होतं बाबा. मी मोजलं. मोजलं ते लिहिलं. दुकानात डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर एक मिलिमीटर चुकलं तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. तिथे मी 'साधारण' लिहीत नाही, मग पेपरात कशी लिहू?"

सकाळी चहा झाल्यावर मी कागद, कंपास आणि पट्टी घेऊन बसलो. तिची चूक तिला सप्रमाण दाखवायची, हाच हेतू. नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे आठ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढला. चारवर नाभी, दोनवर वस्तू, दीड सेंटिमीटर उंची. दोन किरण काढले, मागे वाढवले. पट्टी लावली.

चार पूर्णांक तीन. उंची तीन पूर्णांक दोन.

पेन्सिलीला टोक करून पुन्हा काढलं. चार पूर्णांक तीन. बत्तीस वर्षं हीच आकृती मी फळ्यावर काढली, पण प्रतिमेचा बाण मी आधी सूत्राने चारवर ठेवायचो आणि तुटक रेषा हाताने त्याच्याकडे वळवून घ्यायचो. मी ती कधी मोजलीच नव्हती. कबूल करायला जड जातंय, पण खरं ते खरं.

सूनबाई कामावर निघता निघता वाकून बघत होती. "तुमचंही तेच आलं ना? समांतर किरण आरशाला लागतो तो ध्रुवाच्या सरळ वर नाही लागत. काच गोल आहे ना, कड पुढे आलेली. दीड मिलिमीटर अलीकडेच लागतो. सूत्र आरशाला जवळजवळ सपाट धरून चालतं, पट्टी धरत नाही. काच घासताना हा कडेचा फुगवटा आम्ही रोजच धरतो." आणि चपला घालून ती गेलीसुद्धा.

मी मोठ्याने बायकोला हाक मारली. ती आली. पण काय सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी आणखी चहा मागितला.

सूनबाईने त्याच दिवशी फेरपडताळणीचा अर्ज केला आणि तारीख प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाआधी दोन दिवसांची मिळाली. लांबट खोली, एक टेबल, एक पडदा, आणि पलीकडे पडताळणी अधिकारी बाई. पन्नाशीच्या, चेहऱ्यावर शिक्षिकेचा कडकपणा. ती जात मी दुरून ओळखतो. दारावर नियम लावले होते: मूळ उत्तरपत्रिका काढली जाणार नाही, गुण फोटोत दिसेल त्यालाच मिळतील, बोलायचं फक्त उमेदवाराने. मला मागच्या बाकावर बसवलं. आयुष्यात प्रथमच मी किरणाकृतीच्या चर्चेत तोंड बंद ठेवून बसलो होतो. बाकाच्या कडा धरून ठेवल्या होत्या मी.

बाईंनी फोटो पडद्यावर लावला. "आरशामागे काही नाही," त्या म्हणाल्या. "शून्य बरोबर आहे."

"फिक्या पेन्सिलने काढलं होतं मॅडम, फोटोत गेलं," सूनबाई म्हणाली. "ते तुम्हाला दिसत नाही, तर धरू नका. पण किरण दिसतात ना?"

"किरण दिसतात. पण ते फाकतायत. समोर कुठेच भेटत नाहीत. मग प्रतिमा कुठली?"

हा सापळा होता. मीही मुलांना असाच लावायचो. मी बाक आणखी घट्ट धरला.

"समोर भेटत नाहीत म्हणूनच मागे भेटतात," ती शांतपणे म्हणाली. "फाकणारे किरण डोळ्यात शिरले की डोळ्याला वाटतं ते एकाच ठिकाणाहून आले. ते ठिकाण म्हणजे प्रतिमा. मी ती काढली की नाही ते सोडा, माझ्या या दोन किरणांनी ती कुठे पडणार ते ठरवूनच टाकलंय. मला या फोटोचा छापील कागद द्याल?"

बाईंनी दिला. सूनबाईने पिशवीतून स्टीलची पट्टी आणि पेन्सिल काढली. एचबी, मी मागून टोक ओळखलं. पण रेघ ओढण्याआधी तिने ध्रुव ते वक्रताकेंद्र हे अंतर मोजलं.

"हे मी आठ सेंटिमीटर काढलं होतं, पेपरात लिहिलंही आहे. छापील कागदावर सहा भरतंय. म्हणजे फोटो पाऊणपट झालाय. मोजू त्याला भागिले पाऊण करायचं."

बाई खुर्चीत जरा पुढे सरकल्या. मीही. छापील चित्रावर पट्टी लावायची तर आधी त्याचं प्रमाण बघावं लागतं, हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

तिने पहिल्या परावर्तित किरणावर पट्टी ठेवली आणि आरशामागे रेघ वाढवली. मग दुसऱ्यावर. दोन्ही रेघा एकमेकींना छेदल्या. तिने मोजलं. "आरशामागे तीन पूर्णांक दोन. भागिले पाऊण, चार पूर्णांक तीन. उंची दोन पूर्णांक चार, भागिले पाऊण, तीन पूर्णांक दोन. आता खाली मी काय लिहिलंय ते वाचा."

बाईंनी वाचलं. मग समोरच्या आदर्श उत्तरपत्रिकेकडे बघितलं. "इथे चार आणि तीन आहे. म्हणजे तुमचे आकडेही चुकलेत."

"चार आणि तीन सूत्राने येतं. प्रश्नात 'आकृती काढून, मोजून' असं आहे. तुमच्याकडे कंपास आहे?"

"नाही."

तिने पिशवीतून तोही काढला आणि टेबलावर ठेवला, बाईंच्या बाजूला टोक न करता, अदबीने. "मॅडम, तुम्ही काढून बघा. मला आत्ता काही बोलायचं नाही."

अधिकारी बाईंनी कोऱ्या कागदावर कंस काढला. दोन किरण. दोन रेघा. पट्टी लावली, पट्टी उचलली, पुन्हा लावली. मला माझी ती सकाळ आठवली. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मी पंचवीस वर्षं शिकवतेय," त्या म्हणाल्या. "नेहमी चार."

मागच्या बाकावरून मी नुसता खाकरलो.

"चार लिहिणं अगदी सोपं होतं," सूनबाई म्हणाली. "सूत्र मला येतं. पण पट्टी चार पूर्णांक तीन सांगत होती. आणि मॅडम, जिने आकृती मागे वाढवलीच नाही, तिला हा आकडा येईल कुठून? सूत्रातून तो येत नाही. शेजारचं बघूनही येत नाही, कारण शेजारची चारच लिहिणार. मी मागे रेघा ओढल्या होत्या, त्याचा पुरावा तोच आहे."

बाईंनी फोटोतला आकडा पुन्हा वाचला. मग लाल पेन उचललं आणि एकेक शब्द तोलून सांगितलं. किरणांचे दोन. प्रतिमेचं स्थान आणि उंची, मोजून, एक. आभासी, सुलट, मोठी, हे खाली लिहिलंय त्याचा एक. "प्रतिमा आकृतीत दाखवण्याचा एक गुण मात्र देता येणार नाही. फोटोत ती नाही. नियम आहे."

"बरोबर आहे," सूनबाई म्हणाली.

पाचपैकी चार. बत्तीस आणि चार, छत्तीस.

सही करून झाल्यावर बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे कोण तुमचे? मघापासून बाक मोडतायत."

"सासरे. त्यांनीच शिकवलं मला."

"मग रेषा एवढ्या फिक्या का काढायला लावल्या?" बाईंनी सरळ मलाच विचारलं.

उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराच्या नातेवाइकाला बोलायची मनाई नसावी. मी उभा राहिलो, विद्यार्थ्यासारखा. "माझं चुकलं," मी म्हणालो. "जिथे तिने माझं ऐकलं, तिथे तिचा गुण गेला. जिथे ऐकलं नाही, तिथे ती पास झाली." म्हणताना मला लाज वाटायला हवी होती. पण छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटेल की काय असं वाटलं.

येताना वाटेत आम्हाला माझे एक जुने सहकारी भेटले. सुनेकडे बघून त्यांनी विचारलं, "या काय करतात?" मी तिथेच, भर रस्त्यात, त्यांना अर्धा तास काचेच्या कडेचा फुगवटा समजावून सांगितला. सूनबाई शेवटी बाही ओढत म्हणाली, "बाबा, प्रवेशाचा अर्ज भरायचाय, कचेरी बंद होईल."

अर्ज भरून घरी आल्यावर मी कपाटाचं दार उघडलं आणि यादीच्या तळाशी लिहायला लागलो. बायको मागे येऊन उभी राहिली.

"छत्तीस गुण? या यादीत?" ती म्हणाली. "पोटच्या पोराला तुम्ही अर्ध्या गुणासाठी बाहेर ठेवलंत. आणि हिला तर या प्रश्नात पैकीच्या पैकी नाहीतच. चार आहेत."

"या एकतीस जणांना मी पाचपैकी पाच दिले," मी म्हणालो. "एकतिसांनीही 'चार' लिहिलं. एकानेही मोजलं नाही. आणि मीही नाही."

मी बत्तिसावं नाव लिहिलं. एचबीने. मग थोडा विचार केला, पेन्सिलीवर जोर दिला आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा एकदा गिरवलं.